उजवीकडे लांबलेला उत्पन्नाचा आयतालेख: सरासरी आणि मध्यक यांच्यात एवढे अंतर का?

प्रश्न: बी.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी केज तालुक्यातल्या आमच्या गावात 25 कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न विचारले. तक्ता सोबत जोडला आहे. सरासरी 1,90,000 रुपये आली आणि मध्यक 1,05,000 रुपये. आयतालेख काढला तर डावीकडे गर्दी आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट दिसते. सर म्हणाले, दोघे शिक्षक असलेले घर आणि खत-बियाण्याच्या दुकानाचे घर ही दोन्ही काढून टाक, म्हणजे आकडे नीट येतील. काढू का? आणि यातला खरा आकडा कोणता धरायचा?

उत्तर:

तुमची आकडेमोड बरोबर आहे. मी तक्त्यातले आकडे पुन्हा मांडून पाहिले. ती दोन घरे काढू नका. काढली तरी तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण सरासरी आणि मध्यक यांच्यातले सगळे अंतर त्या दोन घरांनी निर्माण केलेले नाही. मराठवाड्यातल्या कुटुंब-सर्वेक्षणांचे आकडे तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि प्रत्येक गावात कोणीतरी हेच सांगतो की, दोन-चार श्रीमंतांमुळे सरासरी फुगली. ते खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे आयतालेखाच्या आकारातच असते.

आधी तुमचे आकडे चढत्या क्रमाने लिहितो, म्हणजे पुढचे बोलणे त्यांच्यावरच होईल. सगळे आकडे हजार रुपयांत आहेत:

55, 60, 65, 70, 70, 75, 80, 80, 85, 90, 95, 100, 105, 110, 120, 125, 140, 150, 170, 185, 220, 280, 370, 650, 1200

मधला, म्हणजे तेरावा आकडा 105 आहे. त्याच्या खाली बारा घरे आणि वर बारा घरे. सर्वांची बेरीज 4,750 येते, तिला 25 ने भागले की 190. आता या 190 च्या दोन्ही बाजूंना किती घरे आहेत ते मोजा. पंचवीसपैकी वीस घरे सरासरीच्या खाली आहेत आणि फक्त पाच वर. ज्या आकड्याला आपण सवयीने 'सर्वसाधारण उत्पन्न' म्हणतो, त्याच्यापर्यंत गावातली पाचपैकी चार घरे पोहोचतच नाहीत. पाहणाऱ्याला हे खटकते. पण सरासरीने घरांची संख्या दोन्हीकडे सारखी ठेवण्याचे वचन कधी दिलेलेच नसते. ती सारखे ठेवते ते रुपये.

हे तुमच्याच आकड्यांत पाहता येते. सरासरीच्या खालची वीस घरे 190 ला जितकी कमी पडतात ती तूट एकत्र केली, तर ती 1,770 हजार म्हणजे 17 लाख 70 हजार रुपये होते. वरच्या पाच घरांकडे 190 पेक्षा जास्त असलेले उत्पन्न 30, 90, 180, 460 आणि 1,010 असे आहे. त्याची बेरीजही बरोबर 1,770 च येते. वीस घरांची तूट पाच घरांच्या आधिक्याने भरून निघते ती जागा म्हणजे सरासरी. या आधिक्यातले 1,010, म्हणजे निम्म्याहून जास्त, एकट्या शिक्षक दांपत्याच्या घरातून येते. त्यामुळे सरासरी काढताना प्रत्येक घराला समान मत असते असे म्हणणे फसवे आहे. प्रत्येक घर आपल्या अंतराइतके सरासरीला ओढते, आणि उजवीकडे अंतर कितीही वाढू शकते.

मध्यकाला या अंतराशी काही देणेघेणे नाही. त्याला फक्त रांगेतला क्रम कळतो. शिक्षकांच्या घराचे उत्पन्न 12 लाखांऐवजी 12 कोटी लिहिले असते तरी ते घर पंचविसाव्या क्रमांकावरच राहिले असते आणि मध्यक 1,05,000 च राहिला असता. सरासरी मात्र जवळपास 49 लाखांवर गेली असती.

आता सरांचा सल्ला करून पाहू. एकटे शिक्षकांचे घर काढले, तर 24 घरांची सरासरी सुमारे 1,48,000 होते. म्हणजे एका घरामुळे ती 42,000 ने खाली येते. मध्यक मात्र 1,02,500 वर सरकतो, फक्त अडीच हजारांनी. दुकानाचे घरही काढले, तर 23 घरांची सरासरी सुमारे 1,26,000 आणि मध्यक 1,00,000. इथे थांबून पाहण्यासारखे काहीतरी आहे. सुरुवातीला दोन्ही मापांत 85,000 चे अंतर होते. दोन घरे काढल्यावर ते सुमारे 26,000 वर आले, पण शून्य झाले नाही. मग तेही घालवायचे तर 3,70,000 चे तिसरे घर काढायचे का? नंतर 2,80,000 चे? असे करत गेले तर शेवटी मजुरी करणारी घरेच हाती उरतील आणि त्यांच्या आकड्यांना गावाचे चित्र म्हणता येणार नाही. ही दोन घरे गावात खरोखर राहतात, त्यांचे उत्पन्न तुम्ही खरोखर विचारले आहे. नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करावी किंवा वगळावी. नोंद गैरसोयीची आहे म्हणून वगळू नये.

त्या उरलेल्या 26,000 कडे माझे लक्ष जास्त जाते. टोकाची घरे गेल्यावरही जे अंतर राहते, ते मधल्या गर्दीच्या स्वतःच्या आकारामुळे राहते. ते पाहण्याची सोपी रीत चतुर्थकांची, म्हणजे रांगेचे चार सारखे भाग पाडणाऱ्या आकड्यांची आहे. तुमच्याकडे एक्सेल आहे, तेव्हा आकडे B2 ते B26 या चौकटींत असतील तर हे लिहा:

```
=QUARTILE.INC(B2:B26,1)
=MEDIAN(B2:B26)
=QUARTILE.INC(B2:B26,3)
```

पंचवीस आकड्यांत ही उत्तरे अनुक्रमे सातवा, तेरावा आणि एकोणिसावा आकडा म्हणून मिळतात: 80, 105 आणि 170. मध्यकापासून खालच्या चतुर्थकापर्यंत 25 हजारांचे अंतर आहे आणि वरच्या चतुर्थकापर्यंत 65 हजारांचे. दोन्ही पट्ट्यांत घरे मात्र सारखीच, सहा-सहा. यात शिक्षकांचे घर नाही, दुकानाचे घर नाही, 3,70,000 चे तिसरे घरही नाही. गावातल्या अगदी मधल्या निम्म्या घरांतसुद्धा खालची बाजू दाटलेली आणि वरची बाजू ताणलेली आहे. मध्यकाच्या खाली सहा घरे जेवढ्या जागेत बसतात, वरच्या सहा घरांना त्याच्या अडीचपटीहून जास्त जागा लागते. म्हणून उजवीकडचा कल हा दोन माणसांचा पराक्रम नाही. तो मजुरीच्या घरापासूनच सुरू होतो.

असे का होते, याचे उत्तर उत्पन्न तयार कसे होते यात आहे. मजुरीच्या घराचे उत्पन्न साधारणपणे कामाचे दिवस आणि रोजाचा दर यांवर ठरते. दर गावात जवळपास एकच असतो, आणि वर्षाचे दिवस कोणालाच 365 पेक्षा जास्त मिळत नाहीत. खालच्या बाजूलाही हद्द असते: एका मर्यादेखाली घर चालत नाही, म्हणून माणसे ऊसतोडीला जातात, पुण्याच्या बाजूला बांधकामावर जातात, शेळ्या पाळतात, पण कसेतरी तेवढे मिळवतात. दोन्ही बाजूंनी असा दाब असल्यामुळे या घरांचे आकडे एकमेकांना खेटून बसतात. तुमच्या तक्त्यातली 55 ते 100 या पट्ट्यातली बारा घरे पाहा. त्यांच्यात सगळ्यात वरचे घर सगळ्यात खालच्याच्या दुप्पटही नाही.

शेतीचे तसे नाही. तिथे जमीन, एकरी उतारा आणि भाव यांचा गुणाकार होतो. समजा, एकाकडे दोन एकर कोरडवाहू आहे, एकरी सहा क्विंटल सोयाबीन झाले आणि आडतीवर घाईत 4,000 रुपये भावाने घातले. हातात 48,000 रुपये आले. दुसऱ्याकडे आठ एकर आहे, विहिरीचे एक पाणी देता आले म्हणून एकरी नऊ क्विंटल झाले, आणि माल ठेवायला जागा असल्याने भाव 4,500 मिळाला. त्याचे 3,24,000 होतात. जमीन चौपट, उतारा दीडपट, भाव केवळ आठव्या हिश्शाने जास्त, आणि पैसे पावणेसातपट. ज्याची जमीन जास्त त्यालाच पाणी आणि थांबण्याची ऐपत असण्याचा संभव जास्त असतो, त्यामुळे हे गुणक एकाच दिशेने लागत जातात. गुणाकारात वरची आणि खालची बाजू रुपयांत कधी सारखी राहत नाही: एक लाखाचे दुप्पट झाले तर एक लाख वाढतात, निम्मे झाले तर पन्नास हजारच कमी होतात. फ्रान्समधल्या रॉबेर जिब्रा या अभियंत्याने 1931 मध्ये प्रमाणात होणाऱ्या वाढीचा हाच विचार उत्पन्नाच्या आणि उद्योगांच्या आकाराच्या वाटपाला लावला होता. अशा घडणीतून जे वाटप तयार होते ते डावीकडे दाट आणि उजवीकडे ताणलेलेच असते.

ही घडण तुमच्या आकड्यांत किती आहे हे तपासायचे असेल तर आयतालेखाचे वर्ग समान रुपयांचे न ठेवता दुपटीचे करून पाहा. 50 ते 100 मध्ये 11 घरे, 100 ते 200 मध्ये 9, 200 ते 400 मध्ये 3, 400 ते 800 मध्ये 1 आणि 800 ते 1,600 मध्ये 1. केवळ गुणाकाराचाच खेळ असता तर या मापावर चित्र दोन्ही बाजूंना साधारण सारखे दिसायला हवे होते. तसे ते दिसत नाही. शेपूट पुष्कळ आखडली, तरी कल उजवीकडेच राहिला. म्हणजे गुणाकाराशिवाय आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे, आणि ती तुमच्या गावात उघड दिसते: पगाराचे घर पावसावर आणि गावच्या मजुरीच्या दरावर अवलंबूनच नाही. ते दुसऱ्याच अर्थव्यवस्थेतले घर आहे आणि योगायोगाने त्याच शिवारात राहते. अर्थात 25 घरांवरून यापेक्षा पुढे जाऊन शेपटीचे गणित मांडणे धाडसाचे होईल. अगदी वरच्या उत्पन्नांची शेपूट वेगळ्या नियमाने जाते, हे विल्फ्रेदो पारेतो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करांच्या नोंदींवरून दाखवले होते. पण त्यासाठी हजारो नोंदी लागतात.

दुपटीचे वर्ग हे तपासणीपुरते. अहवालात समान वर्गांचाच आयतालेख द्या, 50 हजारांचा एक वर्ग. मग पहिल्या तीन वर्गांत 11, 6 आणि 3 घरे येतील, पुढच्या दोन वर्गांत एकेक, आणि त्यानंतर रिकाम्या जागांमधून तुरळक एकेक स्तंभ 12 लाखांपर्यंत. सर्वात उंच स्तंभ 50 ते 100 या वर्गाचा, मध्यक त्याच्या पुढच्या वर्गात आणि सरासरी त्याच्याही पुढच्या वर्गात. उजवीकडे लांबलेल्या एकशिखरी चित्रात बहुतेक वेळा हाच क्रम मिळतो. मात्र तो नियम समजू नका. चित्राला दोन शिखरे असली, किंवा अनेक घरांनी एकच गोल आकडा सांगितलेला असला, तर क्रम बदलू शकतो.

बरेच विद्यार्थी इथे एक चूक करतात. रिकाम्या जागा बऱ्या दिसत नाहीत म्हणून ते शेवटी '2 ते 5 लाख' आणि '5 ते 12.5 लाख' असे रुंद वर्ग करतात आणि स्तंभाची उंची मात्र घरांच्या संख्येइतकीच ठेवतात. तुमच्या आकड्यांत असे केले तर '2 ते 5 लाख' या वर्गातली तीन घरे '1.5 ते 2 लाख' या वर्गातल्या तीन घरांइतकीच उंच दिसतील, आणि वर रुंदी सहापट. पाहणाऱ्याला वाटेल की गावात सुखवस्तू घरांची चांगली फळी आहे. आयतालेखात संख्या क्षेत्रफळाने दाखवायची असते, म्हणून रुंद वर्गाची उंची त्या प्रमाणात कमी करावी लागते: इथे दर 50 हजारांमागे अर्धे घर. बाकीचे वर्ग 50 हजारांचेच ठेवून शेवटचा वर्ग '5 लाख व अधिक' असा उघडा ठेवला तर आणखी एक पंचाईत होते. त्या दोन घरांचे मध्यमूल्य कोणी सहा लाख धरले तर वर्गीकृत आकड्यांवरून सरासरी 1,67,000 येते, कोणी दहा लाख धरले तर 1,99,000. मध्यकाच्या सूत्राला शेवटच्या वर्गाची गरजच पडत नाही, म्हणून दोघांचाही मध्यक 1,12,500 येईल. मूळ 1,05,000 पेक्षा तो थोडा वेगळा आहे, कारण वर्गाच्या आत घरे समान पसरली आहेत असे सूत्र गृहीत धरते. मूळ आकडे हाती असताना मध्यक त्यांच्यावरूनच काढावा.

आता नोंदींकडे. चित्रावरून निष्कर्ष काढण्याआधी काही फॉर्म हाताने पुन्हा वाचा, कारण शेपूट कधीकधी गावात नसते, फॉर्ममध्ये असते. सगळ्यात वरच्या चार-पाच घरांत एकूण विक्री लिहिली आहे की खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न, हे पाहा. दुकानाचा 6,50,000 हा आकडा वर्षाची उलाढाल नसून नफा आहे ना, हे त्या घरी जाऊन विचारायलाच हवे. शेतकऱ्याने पट्टीवरचा आकडा सांगितला असेल आणि बियाणे, खत, फवारणी, मळणी, मजुरी वजा केली नसेल, तर चार-पाच घरे उगीच उजवीकडे सरकतात. याउलट दुष्काळी वर्षात खर्च वजा जाता शेतीचे उत्पन्न उणेही येऊ शकते. ते शून्य करून लिहू नका, जसे आहे तसे लिहा. पगार मासिक आणि बाकीचे वार्षिक अशी सरमिसळही पाहून घ्या. आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा मात्र या कामाला वापरू नका. तो कशासाठी काढलेला असतो हे तुम्हालाही ठाऊक आहे.

केज तालुका म्हटल्यावर ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या उचलीबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून 80,000 रुपये उचल घेतली आणि हंगामात 95,000 रुपयांची तोड केली. हिशेब होताना उचल वळती झाली आणि हातात 15,000 आले. या घराचे ऊसतोडीचे उत्पन्न 95,000 आहे. पण विचारणाऱ्याने उचल आणि मजुरी दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहून बेरीज केली, तर ते 1,75,000 होते. आणि 'हाती किती आले' असे विचारले, तर 15,000. मी पाहिलेल्या फॉर्मांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. अशी चूक एका घरात झाली तर फारसे बिघडत नाही. पण डावीकडच्या गर्दीतल्या पाच घरांची उचल दोनदा मोजली जाऊन ती दीड लाखाच्या वर गेली, तर तुमचा मध्यक 1,05,000 वरून थेट 1,50,000 होईल. मध्यक टोकाच्या आकड्यांपुढे हलत नाही, हे खरे. एकाच पद्धतीची चूक मधल्या गर्दीत शिरली की तोही हलतो. त्यामुळे 'मध्यक घेतला, आता नोंदी तपासायला नकोत' असे कधी समजू नये.

खरा आकडा कोणता, हे तुम्ही त्याच्याकडून काय काम करून घेणार यावर अवलंबून आहे. गावातले मधले घर कसे जगते हे सांगायचे असेल, तर मध्यक. 25 घरांच्या हातात वर्षाला एकूण किती पैसा येतो हे सांगायचे असेल, तर सरासरी. तिला 25 ने गुणले की 47,50,000 ही खरी बेरीज परत मिळते. मध्यकाला 25 ने गुणून मिळणारे 26,25,000 कशाचीच बेरीज नाही. सरकारी पाहण्यांत सरासरी जास्त दिसते त्याचे एक कारण हेच आहे की तिच्यावरून एकूण रकमा बांधता येतात आणि मजुरी, पीक, पशुधन असे तिचे हिस्से करून दाखवले तर त्यांची बेरीज जुळते. हिश्श्यांच्या मध्यकांची बेरीज जुळत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 77 व्या फेरीत 2018-19 या कृषिवर्षासाठी शेतकरी कुटुंबाचे मासिक उत्पन्न देशभरात 10,218 रुपये दिले आहे. वर्तमानपत्रांत ते 'शेतकऱ्याला महिन्याला एवढे मिळतात' असे छापून आले. पण तो आकडा सरासरी आहे, आणि तुम्ही आत्ताच जे चित्र काढले ते पाहता, बहुसंख्य घरे त्याच्या खाली असणार असे मी तरी धरून चालतो.

सरासरी द्यायचीच असेल तर तिच्यासोबत प्रमाण विचलन देऊन मोकळे होऊ नका. तुमच्या आकड्यांचे प्रमाण विचलन सुमारे 2,46,000 येते, म्हणजे सरासरीहून मोठे. 'सरासरी वजा एक प्रमाण विचलन' केले की उणे 56,000 मिळतात, आणि तुमच्या तक्त्यात एकही घर उणे नाही. पैशांच्या आकड्यांत असे उत्तर आले की तो उजव्या कलाचा भक्कम पुरावा समजावा आणि त्याऐवजी चतुर्थक द्यावेत.

काही मर्यादाही मनात असू द्या. पंचवीस घरांत शिक्षकांचे घर आले म्हणून सरासरी 1,90,000 झाली. तुम्ही शेजारच्या आळीतले घर निवडले असते तर ती दीड लाखाच्या आत राहिली असती. घरे कशी निवडली, चिठ्ठ्या टाकून की ओळखीने, हे म्हणूनच लिहायला हवे. शिवाय हे कुटुंबाचे उत्पन्न आहे, माणशी नव्हे; नऊ माणसांचे एकत्र घर आणि तिघांचे घर एकाच स्तंभात बसलेले असू शकते. जमल्यास दुसरा आयतालेख माणशी उत्पन्नाचा काढा; एखादे मोठे बागायती घर त्यात चांगलेच डावीकडे सरकेल. आणि सरासरी-मध्यकातले अंतर म्हणजे विषमतेचे माप असे लिहू नका. निम्मी घरे अगदी गरीब आणि निम्मी अगदी श्रीमंत असलेल्या गावात दोन्ही माप एकाच जागी येऊ शकतात. अंतर कलाबद्दल सांगते; विषमतेसाठी वाटा मोजावा लागतो. तुमच्या तक्त्यात खालच्या बारा घरांकडे एकूण उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा आहे आणि वरच्या दोन घरांकडे सुमारे 39 टक्के. हे वाक्य अहवालात आयतालेखाच्या लगेच खाली यायला हरकत नाही.

बाकी मजकूर मी साधारण असा लिहिला असता: 'निवडलेल्या 25 कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न 1,05,000 रुपये असून मधली निम्मी कुटुंबे 80,000 ते 1,70,000 या पट्ट्यात आहेत. सरासरी 1,90,000 रुपये असून 20 कुटुंबे तिच्या खाली आहेत. सर्वाधिक उत्पन्नाची दोन कुटुंबे वगळल्यास सरासरी सुमारे 1,26,000 आणि मध्यक 1,00,000 होतो, म्हणजे उजवीकडचा कल केवळ या दोन कुटुंबांमुळे नाही.' सरांना हवे असलेले गणितही यात आले आणि एकही घर गावातून हलवावे लागले नाही. त्यांनी तरीही वगळायचाच आग्रह धरला, तर दोन्ही रकाने शेजारी-शेजारी छापा आणि दुकानदाराच्या फॉर्मवर उलाढाल आहे की नफा, तेवढे मात्र छापण्याआधी नक्की विचारून घ्या.